रविवारी कूलर धुतला, सोमवारी पुन्हा अळ्या: चूक नेमकी कुठे होते?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मी पंधरा-वीस मिनिटं बोलले. विषय डेंग्यूचा. गणपतीनंतरच्या तीन आठवड्यांत आमच्या सोळा बिऱ्हाडांत चौघांना डेंग्यू झाला. गेल्या वर्षी याच दिवसांत दोघांना झाला होता. अर्धी मंडळी बैठकीला नव्हती आणि जी होती त्यांतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, "ताई, हे लिहून द्या, घरच्यांना तोंडी सांगता येत नाही." म्हणून लिहिते आहे. मी आरोग्य सेविका म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं घरोघरी पिंपं, रांजण आणि हौद उपसत फिरले, त्यामुळे बोलताना सवयीने 'कंटेनर' म्हटलं जातं. त्याचा अर्थ इतकाच, की ज्यात पाणी साठतं ते काहीही.

तक्रार अशी होती. आम्ही जुलैपासून कोरडा दिवस पाळतो. दर रविवारी कूलरचं पाणी सोडतो, बादल्या पालथ्या घालतो. वॉचमन गच्चीवर जाऊन टाक्या बघून येतो. धूरफवारणीची गाडीही दोनदा येऊन गेली. तरी अळ्या परत दिसतात. मग आमचं चुकतं तरी कुठे?

मी त्यांना उलट एकच गोष्ट विचारली. पाणी बदलल्यावर कितव्या दिवशी अळी दिसली आणि ती केवढी होती?

बहुतेकांना सांगता येईना. अळी दिसली की आपण पाणी ओततो आणि हात धुतो, ती केवढी आहे ते कोण बघतो? पण सगळं निदान त्यातच आहे. डेंग्यूचा डास म्हणजे एडिस इजिप्ती, तो पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा. त्याची मादी पाण्यावर अंडी टाकत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीवर ती एकेक अंडं चिकटवत जाते. अंडं घातल्यावर पांढरं असतं, काही तासांत शाईसारखं काळं पडतं. आकाराने रव्याच्या बारीक कणाएवढं. ताज्या अंड्यातला जीव तयार व्हायला साधारण दोन दिवस लागतात. मग अंड्याला पाणी लागलं की अळी बाहेर येते, आणि आपल्या पावसाळ्यातल्या उबेत पाच ते सात दिवसांत वाढून कोष होते. स्वल्पविरामासारखा वाकडा तो कोष. दोनेक दिवसांत त्यातून डास उडतो.

आता हेच दिवस उलटे मोजा.

रविवारी पाणी बदललं आणि सोमवारी सकाळीच दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या, तर ती अंडी रविवारनंतर घातलेली असूच शकत नाहीत. ती आधीपासून भिंतीला चिकटलेली होती. तुम्ही पाणी ओतलं, भिंत घासली नाही आणि वर नवं पाणी भरून अंड्यांना हवं ते दिलंत.

मंगळवारी-बुधवारी चांगल्या पोसलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या अळ्या किंवा कोष दिसले, तर अंड्यांचा दोष नाही. इतक्या लवकर त्या एवढ्या मोठ्या होत नाहीत. रविवारी भांडं पूर्ण रिकामं झालंच नव्हतं, तळाला राहिलेल्या पाण्यातून त्या वाचल्या.

आणि गुरुवार-शुक्रवारी अगदी बारीक अळ्या दिसल्या, तर तुमचं रविवारचं काम चोख होतं. नंतर नवी मादी येऊन अंडी घालून गेली, म्हणजे झाकणाला किंवा जाळीला कुठेतरी फट आहे.

हे मी बोलत असताना तळमजल्यावरच्या काकू उठून म्हणाल्या, "आमच्या कूलरात तर बारीकही असतात आणि मोठ्याही." बैठक तिथेच थांबवून आम्ही सगळे त्यांच्या बाल्कनीत गेलो. पुढचं अर्धं भाषण तिथेच झालं.

कूलरबद्दल एक कंसातली गोष्ट सांगते. कोकणात कूलर हे मुळात फसवं यंत्र आहे. हवेतच एवढा दमटपणा असतो की पाणी नीट उडत नाही आणि खोली गार होत नाही, नुसती ओलसर होते. बहुतेक कूलर घाटावरून बदलीवर आलेल्यांबरोबर आलेले. काकूंचाही तसाच, मुलाच्या नोकरीबरोबर आलेला. मे महिन्यात लावला, पाऊस सुरू झाल्यावर कोणी उचलला नाही, आणि श्रावणात दोन दिवस ऊन पडून उकडलं की पुन्हा चालू होतो. अधूनमधून चालणारा कूलर हा रोज चालणाऱ्यापेक्षा वाईट. पाणी हलत नाही, वरून पावसाची झड आत येते आणि पातळी सतत वरखाली होत राहते. पातळी वर चढली की आधीच्या ओल्या पट्ट्यातली अंडी बुडतात आणि फुटतात.

कूलरचा प्लग काढला आणि तिन्ही बाजूंच्या ताट्या काढून बाहेर ठेवल्या. काकूंनी नेहमीप्रमाणे खालचं बूच काढलं, पाणी गेलं. त्या म्हणाल्या, "झालं, एवढंच करते मी." मी आत बॅटरी मारली. बुचाचं भोक तळापासून दोन बोटं वर होतं, त्यामुळे तेवढं पाणी आत उभंच होतं. पंपाच्या जाळीभोवती शेवाळ साचलेलं होतं. एका पांढऱ्या डब्यात ते पाणी घेऊन उजेडात धरलं, तर सात-आठ पोसलेल्या अळ्या आणि दोन कोष. डब्यावर हाताची सावली पडताच सगळ्या सुरकन तळाशी गेल्या. हेही लक्षात ठेवा. आधी सावली न पाडता क्षणभर लांबून बघायचं, कारण वाकून डोकावलात की त्या लपतात आणि पाणी स्वच्छ वाटतं.

मोठ्या अळ्या कुठून येतात ते कळलं. बारीक कुठून, ते पत्र्यावर दिसलं. आतल्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर पाण्याच्या तीन रेघा होत्या आणि त्यांवर खाराचा पांढुरका खरपुडा. सगळ्यात वरच्या रेघेजवळ तो नखाने खरवडला आणि भुकटी पांढऱ्या कागदावर घेतली. काळे ठिपके दिसले. माझ्याकडे भिंग होतं, सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं. एक मुलगा म्हणाला, "हे तर चहाच्या भुकटीसारखं दिसतंय." अगदी बरोबर, म्हणून तर कोणाचं लक्ष जात नाही.

ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत, सहा-आठ महिने तशीच तग धरतात. आणि सगळी पहिल्या भिजण्याला फुटतही नाहीत. काही पहिल्यांदा फुटतात, काही दुसऱ्या-तिसऱ्यांदा पाणी लागल्यावर. म्हणून एका रविवारी घासलं आणि काम संपलं, असं होत नाही. लागोपाठ तीन-चार रविवार तीच भिंत घासावी लागते.

ज्यांचा यावर विश्वास बसत नाही त्यांच्यासाठी घरच्या घरी करायची परीक्षा सांगते. कूलर पूर्ण रिकामा करा, पण आतून घासू नका. सगळ्यात वरच्या रेघेपर्यंत स्वच्छ पाणी भरा आणि लगेच वरून मच्छरदाणीचं कापड ताणून कडेने दोरीने घट्ट बांधा, म्हणजे बाहेरचा डास आत जाणार नाही. दोन दिवसांनी पांढऱ्या डब्यात पाणी घेऊन बघा. अळ्या दिसल्या तर त्या भिंतीतूनच आल्या, दुसरी वाट नव्हती. तिसऱ्या दिवशी पाणी सुक्या जमिनीवर ओतायचं, विसरायचं नाही. नाहीतर परीक्षेचा डास होतो.

मग आम्ही काकूंचा कूलर खरोखरच धुतला. बुचातून पाणी गेल्यावर कूलर तिरका करून उरलेलं फडक्याने टिपून घेतलं. धुण्याची पावडर आणि ब्लीचिंग पावडर थोड्या पाण्यात कालवून दाटसर लगदा केला. तो तळापासून वरच्या रेघेच्याही चार बोटं वरपर्यंत फासला आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवला. ब्लीच आणि धुण्याच्या साबणाचा हा लेप मध्य अमेरिकेत होंडुरासमधल्या बायका पाण्याच्या हौदांना लावतात, तिथे डेंग्यूविरुद्धच्या कामातूनच ती पद्धत आली. नुसतं घासल्याने काही अंडी सुटून पाण्याबरोबर दुसरीकडे जातात, लेपाने ती जागीच मरतात. घासायला नारळाचं सोडण घेतलं. तारेची घासणी पत्रा खरवडते आणि खारी हवा त्याच जागी गंज धरते. सोडण कानाकोपऱ्यातही नीट जातं. पंप काढून त्याची जाळी, नळी आणि तरंगणारा बॉलही त्याच लेपाने घासला. शेवटी दोनदा खळखळून धुतलं, कारण ब्लीच राहिलं तर पत्रा खातं.

ब्लीचिंग पावडरीत संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, दार-खिडकी उघडी ठेवा.

ताट्यांकडे कोणी बघत नाही. लाकडाच्या भुश्याच्या किंवा वाळ्याच्या ताट्या ओल्या असतात, तिथेही अंडी राहतात. काकू त्या दर वर्षी वाळवून माळ्यावर ठेवायच्या आणि मे महिन्यात पुन्हा बसवायच्या. म्हणजे अंडी जपून ठेवण्यासारखंच झालं. हंगाम संपला की त्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, पुढच्या वर्षी नव्या आणा.

रॉकेल टाकलं तर नाही का चालत, हा प्रश्न आलाच. रॉकेलचा थर पाण्यावर पसरला की अळी आणि कोष गुदमरतात, हे खरं. पण भिंतीवरच्या अंड्यांना त्याचं काही नाही. शिवाय कूलर चालू केला की तोच वास घरभर. ज्या खड्ड्यातलं पाणी काढताच येत नाही तिथे तो उपाय ठीक, कूलरसाठी नाही.

यानंतर आम्ही गच्चीवर गेलो. टाक्यांचं गणित वेगळं आहे, कारण दोन-दोन हजार लिटरच्या तीन टाक्या दर आठवड्याला कोण रिकाम्या करणार? तिथे काम झाकणाचं आणि नळ्यांचं असतं.

वॉचमन म्हणत होता, टाकीत अळ्या आहेत. मी पहिल्या टाकीचं झाकण उघडण्याआधी त्याच्या वरच पाहिलं. काळ्या प्लास्टिकच्या झाकणाला कडेने खोलगट पन्हळ असते. पावसाचं पाणी तिथे साठलं होतं, त्यात दोन पानं कुजत होती आणि त्या चमचाभर पाण्यात अळ्या होत्या. टाकीच्या आत बॅटरी टाकून, पांढऱ्या डब्याने चार ठिकाणी पाणी काढून पाहिलं, तर एकही नाही. महिनाभर वॉचमन झाकण उचलायचा, वरचं पाणी आत सांडायचं, आणि आत अळ्या दिसल्या की आख्खी टाकी रिकामी करायला लावायचा. झाकणाच्या पन्हळीला तळाशी दोन बारीक भोकं पाडली, बाहेरच्या कडेला, म्हणजे पाणी आत न जाता बाहेर वाहून जाईल. पाच मिनिटांचं काम.

दुसऱ्या टाकीत खाली लालसर किडे होते आणि त्यावरून घबराट झाली होती. ते डासाचे नव्हेत. तळाच्या गाळात राहणाऱ्या, न चावणाऱ्या माशीसारख्या किड्याच्या त्या अळ्या. गाळ काढावा हे त्यांचं सांगणं, डेंग्यूशी संबंध नाही. एडिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला डोकं खाली करून तिरकी लोंबकळते, शेपटीकडची आखूड जाड नळी वर टेकवून श्वास घेते. मलेरियाच्या डासाची अळी पृष्ठभागालगत आडवी पडून असते. बाहेरच्या गटारात दिसतात त्या बहुतेक तिसऱ्या जातीच्या, क्युलेक्सच्या. गटारात तेल टाकण्यावर आपण दर वर्षी पैसे घालतो, त्याने चावरे डास कमी होतात, पण डेंग्यूचा डास त्या घाण पाण्यातला नव्हे. त्याला आपलं स्वच्छ पाणीच आवडतं.

तिसऱ्या टाकीत खरोखर अळ्या होत्या, बारीक, म्हणजे नव्या मादीच्या. झाकण नीट बसत होतं. वाट ओव्हरफ्लोच्या पाइपातून होती. त्याच्या तोंडावर दोन वर्षांपूर्वी लोखंडी जाळी लावली होती, ती गंजून भुगा झाली होती आणि बांधलेली तार नावालाच उरली होती. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंडाची जाळी दोन पावसाळेही टिकत नाही. मच्छरदाणीचं नायलॉनचं कापड दुहेरी घ्या आणि पाइपाच्या तोंडावर ताणून मासेमारीच्या तंगुसाने चार-पाच वेढे देऊन बांधा. तंगूस गंजत नाही आणि उन्हातही पुष्कळ टिकतो. हवेच्या नळीलाही तसंच. फक्त जाळीवर शेवाळ आणि पानं साठली की ओव्हरफ्लो तुंबतो आणि पाणी झाकणातून बाहेर येतं, तेव्हा महिन्यातून एकदा ती सोडून झटकायची. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला उचलायला भोक ठेवलेलं असतं, त्यालाही असंच कापड. ते भोक आमच्याकडे वर्षभर उघडं होतं.

टाकीत औषध टाका, अशी मागणी झाली. अबेट नावाने आपण ओळखतो ते औषध पिण्याच्या पाण्यातही ठरलेल्या मात्रेत चालतं, पण मात्रा मोजूनच, आणि तो हिशोब आरोग्य सेवकाकडूनच करून घ्यावा. घरातल्या चमच्याने टाकायचं ते नव्हे. त्याने अळी मरते, अंडी नाही.

मग उरलं ते बंद फ्लॅटचं. आमच्या सोळांपैकी तीन चाकरमान्यांचे, मुंबईला कायमचे राहणारे, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. मंडळी गेली की कूलर, बादल्या, फ्रीजच्या मागची ताटली, फ्लशची टाकी सगळं तसंच राहतं. दुसऱ्या मजल्यावरच्या अशा एका फ्लॅटची चावी शेजाऱ्यांकडे होती. फोन करून परवानगी घेतली आणि उघडला. बाल्कनीतल्या कूलरवर ताडपत्री टाकली होती. तिच्या खोलगट घडीत चार-पाच तांबे पाणी, आणि त्यात कोष. कूलर आत पूर्ण कोरडा होता, त्यांनी मे महिन्यात नीट रिकामा केला होता. झाकायला घातलेली ताडपत्रीच घात करून गेली. हा डास फार लांब उडत नाही, साधारण शंभर-दोनशे मीटरच्या आतच फिरतो, त्यामुळे बाकीच्या पंधरा घरांनी कितीही घासलं तरी या एका बाल्कनीतून सगळ्यांना पुरेसे डास मिळत होते.

त्यांच्याशी ठरवलं आहे की चावी सोसायटीकडे राहील आणि पावसाळाभर दर रविवारी बाल्कनीपुरती फेरी होईल. संडासच्या भांड्यावर आणि फ्लशच्या टाकीवर निघताना प्लास्टिक घट्ट बांधायचं.

धूरफवारणीबद्दल थोडक्यात. त्याने उडते डास मरतात, तेही धुरात सापडले तर. हा डास घरातच, कपाटामागे नाहीतर टांगलेल्या कपड्यांत बसलेला असतो आणि आपण गाडी आली की खिडक्या लावून घेतो. गाडी गेल्यावर दोन दिवसांत पुढचे कोष फुटतात. गाडी बोलवा, पण तिच्यावर विसंबू नका.

सगळं धुतल्यावर लगेच ताप थांबेल असं नाही, आणि इथेच सोसायट्यांचा धीर सुटतो. डासाने आजारी माणसाला चावल्यावर विषाणू त्याच्या अंगात पिकायला आठ ते बारा दिवस लागतात, आणि नंतर तो डास जगेल तोवर चावतो. पुढच्या माणसाला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणजे आज एकही अळी उरली नाही तरी दोन-तीन आठवडे नवे रुग्ण निघू शकतात, ते आधीच्या डासांचे. तोवर मोजायचं ते तापाचे रुग्ण नव्हे, अळ्या सापडलेली भांडी. गेल्या रविवारी अठ्ठावन्न भांडी पाहिली, त्यांत नऊमध्ये अळ्या होत्या. या रविवारी पुन्हा मोजणार आहोत, वहीत तारीख, जागा आणि अळी बारीक की मोठी, एवढंच लिहायचं.

ज्यांना ताप आहे त्यांनी दिवसाही मच्छरदाणीत झोपावं, म्हणजे इथला डास त्यांच्याकडून विषाणू घेणार नाही. गोळी पॅरासिटामॉलची, अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको. ताप उतरल्यावर पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलं, तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.

शेवटी काकूंनी विचारलं, कूलर आता पुढच्या मेपर्यंत ठेवायचा कसा? धुऊन, उन्हात दोन दिवस वाळवून, ताट्या टाकून देऊन, बूच काढलेलं ठेवून पालथा. ताडपत्री घालायची असेल तर मधोमध पालथं टोपलं ठेवून वर उंचवटा करा, म्हणजे पाणी कडेने वाहून जाईल. काकूंकडे कोंबड्या झाकायचं जुनं टोपलं होतं. ते कामाला आलं.